शीर्षकाला मजकुराची साक्ष हवी

"शीर्षक आणि आरंभीचं अवतरण निबंधात पुरावा म्हणून कसं वापरायचं?"

सोलापुरात एम.ए.च्या मुलांना मी चिनुआ अचेबेंची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (1958) ही कादंबरी शिकवते. शीर्षक येट्सच्या कवितेतलं, त्याच ओळी आरंभी छापल्यात. त्यांत केंद्रच टिकत नाही, असंही आहे. मग कादंबरीतला इग्बो समाज गोऱ्यांच्या आघाताबरोबर आतूनही खिळखिळा झाला होता का? अवतरणातून एवढा प्रश्नच मिळतो. उत्तर मजकुरात शोधावं लागतं. विसाव्या प्रकरणात नायकाचा मित्र ओबिएरिका म्हणतो, आपलीच माणसं परक्याला जाऊन मिळालीत. मग तो म्हणतो, आपल्याला बांधून ठेवणाऱ्या गोष्टींवर गोऱ्याने सुरी चालवली आणि आपण विखुरलो. निबंधात ही दोन्ही वाक्यं हवीतच. मुलं नेमकं पहिलं गाळतात. प्रकरणांना इथे शीर्षकं नाहीत, नुसते आकडे आहेत, त्यांतून ओढूनताणून अर्थ काढू नये.