पुस्तकासारखं ग्रंथालय कसं काढावं

ग्रंथालयाचं डिझाइन करायला मिळालंय ना? मग एक पथ्य पाळा: कुठल्याही ग्रंथालयात जाऊन बसू नका. माणूस कपाटापाशी उभ्याउभ्या चार पानं चाळतो, मग पुस्तक काखोटीला मारून खिडकीकडे सरकतो, असलं काही डोळ्यांना दिसलं की काम लांबतं. त्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा, ग्रंथालयात असतं काय? पुस्तक! झाली की संकल्पना. इमारत उघड्या पुस्तकासारखी करायची. पुढच्या वेळी मत्स्यालय मिळालं तर मासा आहेच.

गुपित असं, की नाम धरायचं आणि क्रियापदाच्या नादी लागायचं नाही. 'पुस्तक' हे नाम, ते रस्त्यावरून दाखवता येतं. 'वाचणं' धरलंत तर वाचणारा कुठे बसेल, उजेड कुठल्या बाजूने येईल, पुस्तक हातात घेऊन किती चालावं लागेल, असे प्रश्न सुटतच नाहीत. शिवाय त्यांची उत्तरं प्लॅन आणि सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत आडवी आणि उभी कापून दाखवणाऱ्या नकाशांत, द्यावी लागतात, आणि तिथे रेंडरिंगचा ढगाळ सूर्यास्त कामाला येत नाही.

आता पुस्तकाची दोन पानं म्हणजे काटकोनातल्या दोन विंग. दोन्ही मिळतात तो कणा. हा आतला कोपरा अंधारा निघतो, म्हणून जिना, लिफ्ट आणि शौचालयं तिथेच सरकतात. विद्यार्थी असताना माझं डिझाइन तपासणाऱ्या ज्युरीत सरांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. "इथं काय?" मी म्हणालो, "ज्ञानाचा कणा, सर." "आणि कण्यात ही गोल गोल काय?" "कमोड, सर." तुम्ही ही चूक करू नका. प्लॅन छोट्या स्केलवर छापा.

एवढ्यावर मन धजत नसेल तर मोठ्यांकडे बघा. पॅरिसमधल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी दोमिनिक पेरो यांनी इंग्रजी एल आकाराचे चार मनोरे उभे केले, चार उघडी पुस्तकं. उंची 79 मीटर. दुरून बघता एकदम पटतं. या काचेच्या मनोऱ्यांत ठेवलीत पुस्तकं, आणि वाचक बसतात खाली, खोलगट बागेभोवती. कागदाला ऊन सोसत नाही, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. म्हणून काचेच्या आत लाकडी झडपा लावाव्या लागल्या. म्हणजे बघा, उजेड ज्यांना नको ती पुस्तकं उंच काचेत, आणि ज्यांना हवा ते वाचक तळाशी. (खरं सांगायचं तर त्या बागेभोवतीच्या वाचनकक्षांना वजन आहे. पण त्यांचा फोटो कोण काढतो? फोटो मनोऱ्यांचाच.)

याच्या उलट एक बिघडलेलं उदाहरणही सांगतो, म्हणजे सावध राहाल. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर शाळेचं ग्रंथालय लुई कान यांनी केलं. बाहेरून विटांचा ठोकळा. पुस्तकासारखं त्यात काहीही नाही! या गृहस्थांनी क्रियापद धरलं: माणूस पुस्तक घेतो आणि उजेडाकडे जातो. मग सगळा प्लॅन त्या वाक्याच्या मागे फरफटत गेला. मधे वरून उजेड येणारा चौक, त्याच्या काँक्रीटच्या भिंतींना भलीमोठी वर्तुळाकार भोकं, त्यांतून मजल्यामजल्यावरची पुस्तकं दिसतात. त्याभोवती पुस्तकांच्या रांगा, उन्हापासून दूर, भार पेलायला काँक्रीट. आणि सगळ्यात बाहेर, विटांच्या पट्ट्यात, खिडकीला लागून वाचायच्या लाकडी जागा. वरची मोठी काच खोलीला उजेड देते. खाली टेबलाच्या उंचीला एका माणसापुरती छोटी खिडकी, तिला सरकणारी लाकडी झडप. बाहेर बघायचंय? सरकवा. अभ्यास करायचाय? लावा. झडप इथेही आहेच, पण ती वाचणाऱ्याच्या हातात.

हे इतकं धोकादायक का, ते सांगतो. काही खवचट परीक्षक एलिव्हेशनवर, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूच्या चित्रावर, हात ठेवतात आणि म्हणतात, "आता फक्त सेक्शनवरून सांग, संकल्पना कुठे आहे?" एक्झिटरचा सेक्शन त्यात पास होतो. पुस्तक, माणूस, खिडकी, सगळं एका ओळीत सापडतं. एक मजला गाळा, तरी वाक्य तेच राहतं. तुमच्या उघड्या पुस्तकावर हात ठेवला की खाली उरतं एखादं ऑफिस. तेव्हा एलिव्हेशनवर कुणाला हात ठेवू देऊ नका. शीट दूर टांगा, जमल्यास लॅमिनेट करून.

आणि क्लायंटने विचारलंच, "पश्चिमेच्या काचेतून पुस्तकांवर ऊन येईल ना?" तर घाबरू नका. पडदे लावू म्हणा. दुपारी सगळे पडदे ओढले की सांगा, पुस्तक आता मिटलंय.