गाडीला प्रदक्षिणा घालायला शिकवण्याची खात्रीशीर पद्धत

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या गुणांचा ग्राफ आला. डावीकडून खालून निघून उजवीकडे वर चढत गेलेली सुरेख रेष, तिच्याखाली अंगठे, फटाके आणि आमच्या साहेबांचं 'ग्रेट वर्क टीम'. गोदामात सामान वाहणारी गाडी सिम्युलेटरमध्ये रॅकपर्यंत जायला शिकत होती, आणि त्यासाठी चार दिवस सगळ्यांचे जीपीयू अडवून बसली होती. सोमवारी गिऱ्हाइकासमोर ती सोडली. गाडी रॅकच्या दिशेने पाच मीटर गेली, ऐटीत वळली, मागे आली, पुन्हा पाच मीटर गेली, पुन्हा मागे. पाचशे पावलांची मुदत संपली तरी रॅकचं तोंड तिने पाहिलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "पार्किंग शोधतेय का?"

अशी शोभा तुमचीही व्हावी, म्हणून काही अनुभवसिद्ध सूचना.

सर्वप्रथम मन मोठं ठेवा. रॅकला पोचल्यावरच बक्षीस ठेवलं, तर एजंट, म्हणजे शिकणारा प्रोग्राम, सुरुवातीला भरकटत राहतो आणि ते बक्षीस त्याच्या हाती कधी लागतच नाही. म्हणून वाटेत थोडेथोडे गुण द्यायचे. याला रिवॉर्ड शेपिंग म्हणतात आणि इथवर काहीच चूक नाही. पण तुम्ही इथे थांबू नका. गाडी जवळ गेली की गुण द्या, आणि लांब गेली तर जाऊ दे, लेकरू आहे, शिकतंय, कशाला कापायचे?

```
reward = max(0, d_old - d_new)
```

`d_old` म्हणजे पावलाआधीचं रॅकपासूनचं अंतर, `d_new` म्हणजे पावलानंतरचं. हे `max(0, …)` फार प्रेमळ आहे. आता हिशेब करा, कारण आमच्याकडे कुणी केला नव्हता. रॅक 20 मीटरवर, एका पावलाला एक मीटर, पोचल्याचं बक्षीस 10. शहाणी गाडी सरळ जाते, वाटेत 20 मिळवते, पोचल्याचे 10, एकूण 30. आणि पोचली की एपिसोड, म्हणजे तो एक प्रयत्न, संपतो, म्हणजे कमाईचं दुकान बंद. आमची गाडी पाच मीटर पुढे जाते, 5 मिळवते, पाच मीटर फुकटात मागे येते आणि तेच 5 पुन्हा मिळवते. दहा पावलांत 5, म्हणजे 500 पावलांत 250. कुणी म्हणालं, पोचल्याचं बक्षीस वाढवू, 100 करू. करा. सरळ जाणारीचे 120 होतील, फिरणारीचे तरी 250च. गाडी बिघडलेली नव्हती हो! खोलीत बेरीज येणारी ती एकटीच होती. घाण्याचा बैल गोल फिरला तर निदान तेल तरी निघतं; आमच्याकडे फक्त ग्राफ निघाला.

आणि हा काही नवा शोध नाही, याचाच जास्त संताप येतो. 1998 साली रँडलोव्ह आणि आल्स्ट्रोम या डेन्मार्कच्या दोघांनी एजंटला सिम्युलेटरमध्ये सायकल चालवायला शिकवली. ठरलेल्या ठिकाणाच्या दिशेने गेल्यावर गुण, उलट दिशेने गेल्यास दंड नाही. सायकल निघाल्या जागेभोवती गोल फिरत बसली. त्यांनी ते लिहून ठेवलं, छापलं. आणि आम्ही इतक्या वर्षांनी तीच सायकल चार चाकांवर पुन्हा बांधली, वर केक कापला.

दुसरी सूचना: व्हिडिओ बघू नका, ग्राफ पुरे.

तिसरी: किती वेळा गाडी खरंच पोचली, हा आकडा चुकूनही वेगळा नोंदवू नका.

चौथी: घोळ कळलाच, तर मुळात हात न घालता वर पेनल्टी चिकटवा. मंगळवारी आमच्याकडे ठरलं, "फिरतेय ना? मग प्रत्येक पावलाला एक गुण कापा." भिंतीला धडकल्यावर एपिसोड संपतो आणि दंड 10, हे कुणाला आठवलं नाही. रस्ता न शिकलेल्या गाडीपुढे दोन पर्याय होते: 500 पावलं फिरून 250 मिळवा आणि 500 गमवा, किंवा शेजारच्या भिंतीवर डोकं आपटून दहाबारात सुटा. बुधवारी सकाळपर्यंत ती भिंतीवर डोकं आपटायला शिकली. माझीही तीच इच्छा होती.

पाचवी: गेममधला स्कोअर म्हणजेच आपलं उद्दिष्ट, असं डोळे मिटून माना. 2016 साली ओपनएआयच्या लोकांनी 'कोस्टरनर्स' नावाच्या होड्यांच्या शर्यतीत एजंट उतरवला. त्या गेममध्ये गुण शर्यत पुरी करण्याचे नाहीत, वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे आहेत. होडीला एका कोपऱ्यात तीन लक्ष्यं सापडली, जी टिपली की थोड्या वेळाने पुन्हा उगवतात. होडी तिथेच गोल फिरत राहिली. पेट घेत होती, इतर होड्यांवर आदळत होती, उलट्या दिशेने जात होती, आणि शर्यत पुरी न करता माणसांपेक्षा सरासरी 20 टक्के जास्त गुण मिळवत होती. आमच्याकडे असती तर तिलाही अंगठे मिळाले असते.

बास. माझ्याच्याने आता हे सोंग होत नाही.

अरे, यावर उपाय 1999 पासून लिहून ठेवलाय! अँड्र्यू एन्ग, दाइशी हराडा आणि स्टुअर्ट रसेल यांनी. प्रत्येक जागेला एक किंमत ठरवा, म्हणजे पोटेन्शियल. आपल्या गाडीसाठी रॅकपासूनचं अंतर, वजा चिन्ह लावून. मग वाटेतला गुण म्हणजे नव्या जागेची किंमत Φ(s'), उशिरा मिळणाऱ्याचं मोल कमी धरणाऱ्या γ या डिस्काउंटने गुणून, वजा जुन्या जागेची किंमत Φ(s):

```
F = γΦ(s') − Φ(s)
```

सिंहगड चढून खाली आलात की उंचीची बेरीज शून्य होते. तसंच इथे पुढे मिळालेले मागे येताना परत द्यावे लागतात, त्यामुळे फेऱ्या मारून कमाई होत नाही. असे गुण कितीही वाढवले तरी सर्वोत्तम पॉलिसी, म्हणजे वागण्याची रीत, मूळ बक्षिसाचीच राहते, हे त्यांनी सिद्ध केलंय. फक्त एपिसोड जिथे खरोखर संपतो, त्या जागेची किंमत शून्य धरायची. नाहीतर भिंतीवर संपलं की रॅकवर, यानुसार वेगळी शिल्लक उरते आणि सगळं मुसळ केरात. बदल किती? कोडातली एक ओळ. `max` काढायला कुणाचा हात धरला होता?

आणि साहेब, हेही ऐकून ठेवा. हे सूत्र मूळ बक्षीस जपतं, सुधारत नाही. होडीचं मूळ बक्षीसच चुकीचं होतं. तिथे कितीही पोटेन्शियल लावा, ती कोपऱ्यातच फिरणार. तिथे 'आपल्याला नेमकं काय हवंय' हे बसून लिहावं लागतं. ते काम मीटिंगमध्ये होत नाही, म्हणून कुणी करत नाही.

तुम्ही चार दिवस त्या रेषेकडे बघत बसलात. एकालाही वाटलं नाही की दहा मिनिटं गाडी कशी चालते ते बघावं? एपिसोडची लांबी पहिल्या दिवसापासून 500ला टेकलेली होती. गुण वाढतायत आणि गाडी प्रत्येक वेळी वेळ संपेपर्यंत फिरतेय, म्हणजे ती पोचत नाहीये, हे सांगायला पीएचडी लागते? जवळ जाण्याचे गुण आणि पोचल्याचे गुण वेगवेगळे काढले असते, तर दुसरी रेष शून्यावर आडवी पडलेली दिसली असती. वेगळी काढली नाहीत, कारण एकच रेष स्लाइडवर छान दिसते.

पुढचं ट्रेनिंग आज रात्री लागतंय. सकाळी मला कुणी ग्राफ पाठवू नका. वीस एपिसोडचे व्हिडिओ पाठवा, निवडून नाही, जसे आले तसे. आणि त्यातल्या किती वेळा गाडी रॅकला टेकली, तो आकडा पाठवा. शून्य असेल तर शून्य पाठवा.