पोपटी भिंत आणि अबोली ब्लाउजपीस

परवा एका काकूंनी भर दुकानात माझ्या भिंतीला खोटारडं ठरवलं. भिंतीचं बिल मी भरलंय, त्यामुळे लागलं मलाच.

लक्ष्मी रोडजवळच्या बोळात माझं मॅचिंगचं दुकान आहे. अस्तर, फॉल, टू बाय टूचे ब्लाउजपीस. भिंती इतक्या विटल्या होत्या की मूळ रंग पांढरा, यावर माझ्या मुलीचा विश्वास बसेना. मग पोपडे खरवडले, पुट्टी भरली, प्रायमर मारला. रंग कुठला द्यावा हे आठवडाभर गिऱ्हाइकांनाच विचारलं. शेडकार्ड पुढे केलं की बोटं पोपटीवर. ‘प्रसन्न वाटतं!’ आणला दहा लिटर, मशीनवर मिसळून. (मिसळलेला डबा परत घेत नाहीत. हे पैसे दिल्यावर सांगतात.)

तर काकू. हातात अबोली रेशमी साडी, आठवड्यापूर्वी माझ्याकडून नेलेला पीस.

“हा तुमचा अबोली?”

“काकू, जुळवून दिला होता.”

“जुळला होता. इथे. मुंज कार्यालयात आहे, तुमच्या दुकानात नाही.”

मला हाताला धरून त्यांनी उन्हात नेलं. पीस सरळ सरळ शेंदरी! रिक्षात बसलेला एक माणूस न विचारता म्हणाला, “शेंदरी आहे हो.” आत आलो, दोन्ही सारखे. बाहेर, शेंदरी. अशा तीन फेऱ्या झाल्या, तोवर रिक्षावाल्याने मीटर टाकलं नव्हतं, तोही बघायला थांबलेला.

“कोरा कागद आणा,” काकू म्हणाल्या. मी बिलबुकातला पाठकोरा फाडून दिला. त्यांनी तो भिंतीशी धरला. पांढऱ्याशुभ्र कागदावर पोपटी झाक!

“बघा. कागद खोटं बोलेल का?”

नाही बोलत. ट्यूबचा उजेड भिंतीवर आपटून हिरवा होऊन कापडावर पडतो. त्यात लालसरपणा दबतो, म्हणून अबोली आणि शेंदरी यांतला फरक लपतो. शिवाय साडी रेशमी, पीस सुती. दोघांचे रंग वेगळ्या मसाल्याचे. एका उजेडात जुळले म्हणजे दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. तीस वर्षं मॅचिंग विकतोय आणि हे मला मुंजीच्या घाईतल्या बाईने शिकवावं! रंगवाल्याने तरी सांगायचं होतं. तो म्हणाला, “तुम्ही विचारलं कुठं?”

पीस बदलून दिला. गिऱ्हाइकांचा लाडका पोपटी शटरवर ठेवला, आत पुन्हा प्रायमर आणि फिका पांढरा. मजुरी पेंटरने दोनदा घेतली. आता तागा आत धरा की उन्हात, अबोली अबोलीच.

काल काकू अस्तर न्यायला आल्या. चौफेर नजर फिरवली.

“भिंती फार उडालेल्या वाटतात हो. जरा रंग देऊन घ्या की.”