सी-१ रिपोर्ट, घरभाडं आणि काँक्रीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, लेख वाचला. आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट सी-१ आलाय, म्हणजे इमारत रिकामी करून पाडायची. तो मानला तर २४ कुटुंबं ऐन पावसाळ्यात रस्त्यावर येतील. निवृत्तीनंतर मी ठाण्यात भाड्याचं घर कुठून परवडवू? ज्या निष्कर्षाने इतके संसार उद्ध्वस्त होतात, तो बरोबर असूच शकत नाही. त्यातून बिल्डर टपलेलाच आहे. तुम्ही लोक असे रिपोर्ट उचलून धरता आणि त्याचं काम सोपं करता."

काका, नमस्कार.

तुमच्या भाड्याच्या काळजीत मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. नौपाडा, वर्तकनगर, किसननगर भागातली अशी अनेक घरं मी कामानिमित्त आतून पाहिली आहेत. एकदा सामान बाहेर पडलं की परत कधी जाता येईल, हे तिथे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या काळजीवरून तुम्ही रिपोर्टच्या खरेखोटेपणावर उडी मारलीत, तिथे मला तुम्हाला थांबवावंसं वाटतं. कारण तुमचा हा युक्तिवाद मान्य केला, तर रिपोर्टमधली खरी चूक शोधायची वाटच बंद होते.

खांबाच्या आत काय घडतं ते बघा. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि ही अल्कता कमी करत जातो. याला आम्ही कार्बोनेशन म्हणतो. त्याची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २५ वर्षांत ते २० मिमी आत गेलं, तर ३६ वर्षांनी ते २४ मिमीच्या आसपास असेल. सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, २५ मिमी असेल तर सळई आता उंबरठ्यावर आहे, आणि बांधताना कव्हर १५ मिमीच राहिलं असेल तर ती केव्हाच गंजू लागली असणार. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला उभी भेग पडते, पाणी आत जातं आणि गंजाचा वेग वाढतो. या साखळीत वर कोण राहतं, त्याला पेन्शन किती, शेजारी भाडं किती, यातलं काहीही कुठे शिरत नाही. तुमच्याकडे उद्या रिकामा फ्लॅट असता तरी खांब याच अवस्थेत असता.

म्हणून "असूच शकत नाही" हे परिणामांकडे बघून ठरवता येत नाही. ते खांबाकडे बघूनच ठरवावं लागतं, आणि तिथे तुम्हाला प्रश्न विचारायला भरपूर जागा आहे.

तुमच्या इमारतीच्या काळातल्या बऱ्याच इमारती एम-१५ काँक्रीटच्या, म्हणजे प्रति चौरस मिमी १५ न्यूटन ताकद गृहीत धरलेल्या. खांबातून गोल नमुने, कोअर, काढून दाबून पाहतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम-१५ साठी हे आकडे १२.७५ आणि ११.२५. आता समजा तुमच्या रिपोर्टमध्ये तीन कोअर ८, ९ आणि १० आले आहेत. सरासरी ९. काँक्रीट नापास, यात वाद नाही. पण हे तिन्ही कोअर कुठून काढले? संडास-बाथरूमच्या शाफ्टलगतच्या, वर्षानुवर्षं गळती सोसलेल्या खांबांतूनच काढले असतील, तर त्यांनी त्या बाजूबद्दल सांगितलं आहे. रस्त्याकडच्या कोरड्या खांबांबद्दल त्यांना काही माहीत नाही. अशा वेळी संपूर्ण इमारत सी-१, म्हणजे रिकामी करून पाडायची, हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेलेला असू शकतो. कदाचित ती सी-२ए असेल, म्हणजे रिकामी करून दुरुस्त करता येण्यासारखी.

तसंच रिबाउंड हॅमरचं, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या उपकरणाचं. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमरचा आकडा खऱ्या ताकदीपेक्षा चांगला दिसतो. केवळ त्याच्या भरवशावर कोणी तुम्हाला "इमारत ठणठणीत" सांगत असेल तर तोही रिपोर्ट नाकारा. मनासारखा आहे म्हणून तो स्वीकारला, तर आत्ता जी चूक होते आहे तीच उलट्या दिशेने होईल. तुमच्या सोसायटीत ज्यांना पुनर्विकासात मोठं घर दिसतंय, आणि म्हणून सी-१ खराच वाटतोय, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

सळई किती उरली हे मात्र फोडून बघितल्याशिवाय कळत नाही. कव्हर काढायचं, गंज घासायचा आणि व्हर्निअरने व्यास मोजायचा. १६ मिमीची सळई १३ मिमी भरली तर ऐकायला तीनच मिमी गेले, पण क्षेत्रफळ जवळजवळ एक तृतीयांश कमी झालं. रिपोर्टमध्ये अशी मोजमापं फोटोसह, खांब क्रमांकासह आहेत का ते बघा. नसतील तर तुमचा आक्षेप भक्कम आहे.

बिल्डरबद्दल. त्याचा हितसंबंध आहे, हे खरंच आहे. सल्लागार त्यानेच सुचवलेला असेल तर दुसऱ्या, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याचं ते पुरेसं कारण आहे, आणि तिचा खर्च सोसायटीने करावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण हेतू वाईट असला म्हणून ९ चा कोअर १३ होत नाही. दुसऱ्या तपासणीतही तो ९ आला, तर बिल्डरला त्याचा आनंद झाला तरी तुम्हाला तो मानावा लागेल.

मग परिणामांना काहीच जागा नाही का? आहे, आणि मोठी आहे. काय करायचं हे ठरवताना सगळा विचार परिणामांचाच असतो. आणखी एका ठिकाणी ते येतात : किती खात्री झाल्यावर पाऊल उचलायचं. रिपोर्ट विनाकारण कडक निघाला तर भाड्याचे पैसे जातात आणि मनस्ताप होतो. विनाकारण सौम्य निघाला तर माणसं जातात. नुकसान असं विषम असल्यामुळे थोड्या शंकेवरही घर रिकामं करायला सांगणं योग्य ठरतं. पण तेव्हासुद्धा आपण "इमारत पडणारच" असं म्हणत नसतो, "शंका इतकी आहे की धोका पत्करू नये" असं म्हणत असतो. सल्लागाराने ही दोन वाक्यं रिपोर्टमध्ये वेगळी लिहायला हवीत. बरेच जण लिहीत नाहीत, आणि लोकांचा विश्वास त्यामुळेच उडतो.

तुमच्या सर्वसाधारण सभेत हे दोन विषय वेगळे घ्या. पहिल्या विषयात भाड्याचा शब्द काढू नका. फक्त कोअर कुठून घेतले, कार्बोनेशन किती खोल गेलं आणि सळई किती उरली एवढंच बोला, आणि सल्लागाराला समोर बसवा. दुसऱ्या विषयात फक्त माणसांचं बोला : कोणाला भाड्याची मदत लागेल, सिंकिंग फंडातून किती देता येईल, प्रत्येकाच्या घराचं क्षेत्रफळ आत्ताच मोजून सह्यांनिशी नोंदवलं का, ताबा सोडण्याआधी कोणते कागद हातात हवेत. तुमची भीती या दुसऱ्या विषयात मांडा. तिथे तिला पूर्ण वजन आहे, आणि बोलवलंत तर तिथे मी तुमच्या बाजूने येऊन बसेन.

तोवर शाफ्टलगतच्या ज्या खांबांना उभ्या भेगा आहेत, त्यांच्या भोवतीच्या बीमना सल्लागाराच्या देखरेखीखाली लोखंडी प्रॉप, म्हणजे आधाराचे टेकू, लावून घ्या, आणि त्या बाजूच्या खोल्यांत कोणी झोपू नये. दुसऱ्या रिपोर्टची वाट यासाठी बघू नका. सल्लागाराने लगेच रिकामं करायला लेखी सांगितलं असेल, तर प्रॉपच्या भरवशावर थांबूही नका.