परदेशातून : डब्याच्या तळावरचा आकडा

‘तू दिलेल्या डब्याच्या तळाशी फक्त 1245 छापलंय. म्हणजे १२ एप्रिल २०२५ ना? मग त्याची मुदत संपली की! कंपन्या तारीख अशी लपवतात, तर हे आकडे बंदच करायला नकोत का?’ मावसभावाने फोनवर विचारले.

ती १२ एप्रिल नाही आणि बहुधा मुदतीची तारीखही नाही. असा आकडा सहसा माल तयार झाल्याचा किंवा डब्यात भरल्याचा दिवस सांगतो आणि तो दिवस महिन्यात नव्हे, तर वर्षात मोजलेला असतो, म्हणजे १ जानेवारीला 001 आणि ३१ डिसेंबरला 365, लीप वर्षात 366. उत्पादन करणारे त्याला ज्युलियन कोड म्हणतात. यात दिवसाला तीन अंक लागतात आणि उरलेला एक अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा.

खरी अडचण वर्षाचा अंक कुठे आहे ही असते. माझे इथले शेजारी खात्रीने सांगतात की तो नेहमी सुरुवातीला असतो. त्यांचे अर्धेच बरोबर आहे, कारण काही कारखाने तो शेवटी घालतात. 1245 दोन्ही प्रकारे वाचता येतो. वर्ष आधी मानले तर २०२१ मधला 245 वा दिवस, म्हणजे २ सप्टेंबर २०२१. वर्ष शेवटी मानले तर २०२५ मधला 124 वा दिवस, म्हणजे ४ मे २०२५. एकाच आकड्यातून साडेतीन वर्षांहून अधिक अंतराच्या दोन तारखा निघतात, म्हणून एका डब्यावरून निर्णय करू नये.

भावाला मी त्याच मालाचा दुसरा डबा बघायला सांगितले. त्यावर 1985 होते. ते ऐकून आमचे काका म्हणाले की हा डबा चाळीस वर्षांचा आहे, आणि मग त्यांच्या औषधाच्या पाकिटावरचा बॅच क्रमांक वाचून दाखवू लागले. तो क्रमांक या रीतीने वाचता येईलच असे नाही. पुष्कळ बॅच क्रमांकांत तारीख नसतेच. पण 1985 ने आमचा प्रश्न सोडवला. वर्षात 985 वा दिवस येत नाही, त्यामुळे वर्षाचा अंक शेवटीच असणार आणि दिवस 198 वा, म्हणजे १७ जुलै. तीच रचना पहिल्या डब्याला लावल्यावर ४ मे निघाला. अर्थात, 5 म्हणजे २०१५ की २०२५ हे आकडा सांगत नाही, ते खरेदी केव्हाची आहे त्यावरूनच ठरवावे लागते.

दिवस मोजायला एप्रिलअखेर १२० दिवस होतात हे लक्षात ठेवले तरी पुरे, 124 म्हणजे त्यापुढचे चार. संगणकावर स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकावे:

```
=DATE(2025,1,124)
```

वर्ष मात्र बरोबर घालावे, कारण लीप वर्षात फेब्रुवारीनंतरचे सारे एक दिवसाने सरकते. २०२४ घातले तर उत्तर ३ मे येते.

राहिला बंदीचा प्रश्न. भारतात वेष्टित खाद्यपदार्थांवर उत्पादनाची किंवा वेष्टनाची तारीख आणि वापराची मुदत साध्या तारखेत देणे बंधनकारक आहे, आणि लॉट किंवा बॅच क्रमांकही. तिथे असा कोड दिसला तर तारीख लपलेली नसते, ती वेष्टनावर दुसरीकडे असते आणि वाचणारा चुकीच्या ओळीकडे बघत असतो. अमेरिकेत उलट आहे. केंद्रीय नियमानुसार मुदतीची तारीख फक्त तान्ह्या बाळांच्या फॉर्म्युल्यावर सक्तीची आहे, आणि कृषी खात्याचा दर्जाशिक्का असलेल्या अंड्यांच्या खोक्यावर वेष्टनाचा दिवस तीन आकड्यांतच द्यावा लागतो. इथे कोडखेरीज काही नसलेला डबा हाती येऊ शकतो आणि तेव्हा भावाचा राग मला रास्त वाटतो.

तरीही कोड काढून टाकण्याच्या मी विरोधात आहे. आयुष्यभर वेष्टन विभागात काम केलेल्या आमच्या काकूंचे म्हणणे मला पटते की दोषी माल परत बोलावताना नेमका कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या यंत्राचा माल परत घ्यायचा हे याच ओळीवरून शोधतात. ती नसेल तर सगळाच माल काढावा लागतो. माझी मागणी एवढीच की कोड एकटा नसावा, शेजारी वाचता येईल अशी तारीख असावी. भाऊ अजून बंदीवर ठाम आहे. तळाशी एवढेच छापून पाठवणाऱ्याने उलगडा शोधायचे काम ग्राहकावर का टाकावे, असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्याला देण्याजोगे चांगले उत्तर माझ्याकडे नाही.