चुंबक घ्याच, पण टाकी नीट भरा

बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात भजीच्या गाड्याशेजारी चादर अंथरून एक जण बसतो. त्याच्या चादरीवर बोटाएवढ्या काळ्या डब्या असतात, पेट्रोलच्या नळीला क्लिपसारख्या लावायच्या. किंमत ४५० रुपये. "भाऊ, पेट्रोलचे रेणू एकमेकाले चिपकून असतेत. चुंबक त्याईले मोकयं करते, मंग पेट्रोल पुरं जयते. तीस टक्के ॲव्हरेज वाढलं नाही तं पैसे वापस!"

राजेहो, घेऊन टाका. मीसुद्धा घेतलं. फक्त घरी जाताना एक हिशेब मनात येऊ देऊ नका.

हिशेब असा. तुमची गाडी लिटरला ६० देते. त्यावर तीस टक्के म्हणजे ७८. आता चुंबकाचं काम काय, तर न जळता वाया जाणारं पेट्रोल जाळणं. पण ठीकठाक असलेल्या आजच्या इंजिनात पेट्रोलचा साधारण ९७ टक्के भाग आधीच जळतो. उरलेल्या तीन टक्क्यांतला थेंबन्‌थेंब चुंबकाने जाळला, तरी ६० चे होतात जेमतेम ६२. बाकीचे सोळा किलोमीटर आणायचे कुठून? तीस टक्के वाढ खरी मानायची, तर आजवर जवळजवळ पाव टाकी पेट्रोल कच्चंच सायलेन्सरमधून जात होतं असं होईल. तसं असतं तर मागे बसलेल्या वहिनींनी वासानेच गाडी थांबवली असती, आणि पीयूसीवाल्याच्या मशीनने आकडा पाहून हात टेकले असते.

पैसे जातात ते भलतीकडेच. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले पंचवीसएक रुपये चाकापर्यंत पोचतात. बाकीचे जळतात, पण उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनावरच्या पंखांवरून हवेत जातात, थोडे घर्षणात. सायलेन्सरला पोटरी लागून भाजलेल्या कोणालाही विचारा. त्या उष्णतेला नळीवरचं चुंबक काय करणार? आणि पेट्रोल काही लोखंडाचा कीस नाही. चुंबक त्याला ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर सारतं, इतकं किंचित की ते मोजायलाही प्रयोगशाळा लागेल. द्रवातले रेणू तसेही सतत एकमेकांवरून घसरत असतात. त्यांची गाठच बसलेली नाही, तर सोडवायची कोणती?

चुंबक नको असेल तर त्याच चादरीवर पत्र्याच्या पाकळ्यांची चकती आहे. ती हवेच्या पाइपात बसवली की हवा भोवऱ्यासारखी फिरते म्हणे. फिरते, खरंच फिरते. पुढे थ्रॉटलची पाती आणि व्हॉल्व्हची अरुंद फट लागते, तिथे तो भोवरा मोडतो. आत जी घुसळण लागते ती इंजिन बनवणाऱ्याने पोर्टच्या आकारातच देऊन ठेवलेली असते. चकतीने वर मिळते ती हवेच्या वाटेतली अडचण. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभराच्या वर यंत्रं तपासली आणि ॲव्हरेज लक्षात येण्याइतकं वाढवणारं एकही सापडलं नाही. पण तिकडे बाजारातली भजी नसतात, त्यांना काय कळणार.

म्हणून चाचणी माझ्या पद्धतीने घ्या. आधी गाडी डबल स्टँडवर उभी करून टाकी काठोकाठ भरा, पंपवाला वैतागेपर्यंत. मग चुंबक लावा आणि १२० किलोमीटर चालवा, पण एरवीच्या ६५ ऐवजी ४५ ने, कारण आता तुम्ही प्रयोग करताय. निघण्याआधी चाकात हवा भरा आणि एअर फिल्टर झटका. परत आल्यावर गाडी साइड स्टँडवर टेकवा आणि नोझलची पहिली 'टक' ऐकली की थांबा. टाकी कललेली असते, वरच्या कोपऱ्यात हवा अडकते. एरवी बसलं असतं दोन लिटर, आता बसतं १.६. भागा: ७५! चुंबकवाला सांगतो ते हेच. बिचारा खोटं बोलतच नाही, फक्त स्टँड बदलतो.

जुन्या कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडत असेल, तर तिथे मात्र पेट्रोल खरंच वाया जातं. पण त्याला आमचा मिस्त्री एअर-स्क्रू फिरवतो, प्लग घासतो आणि चहाचे पैसे घेतो. ४५० रुपये खर्चल्याचं समाधान त्यात नाही.

मी मोहात पडून एकदा नीट मोजलं. एकच पंप, डबल स्टँड, दारव्हा-यवतमाळच्या तीन फेऱ्या चुंबकासह आणि तीन चुंबक काढून. चुंबकासह ५९, काढून ६०. त्या एका किलोमीटरचा दोष मी चुंबकाला देत नाही. त्या दिवशी समोरून वारा होता.