तुमची शेती ग्रामीण आहे का? आधी साहेबांना विचारा

वडिलोपार्जित तीन एकर विकलीत? पैसे बँकेत आले, भावाबहिणींचे वाटे झाले, मुलीच्या फ्लॅटचा हप्ता फिटला? छान. आता वर्ष-दीड वर्ष निवांत झोपा. मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर नोटीस येईल. स्थावर मालमत्ता विकल्याचे दिसते, भांडवली नफा विवरणपत्रात का नाही, मंगळवारपर्यंत खुलासा करावा. मध्ये शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी. मला अशीच आली. त्या अनुभवातून तयार झालेलं हे मार्गदर्शन, फुकट देतोय.

सगळ्यात आधी एका ओळीत उत्तर द्या: "सदर जमीन शेतीची असल्याने कर लागू नाही." सोबत सातबारा जोडा आणि काम झालं म्हणून चहा प्या. मी हेच केलं. साहेबांनी जमीन शेतीची आहे का, हे विचारलंच नव्हतं. ती ग्रामीण आहे का, एवढाच प्रश्न होता आणि ते दाखवायचं काम विकणाऱ्याचं असतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम २(१४) प्रमाणे शेतजमीन भांडवली मालमत्तेतून वगळली जाते ती दोन अटींवर. एक, ती दहा हजार किंवा जास्त लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत नको. दुसरी अट हद्दीपासूनच्या अंतराची: शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या आत नको, दहा लाखांपर्यंत असेल तर ६ च्या आत नको आणि त्याहून मोठं शहर असेल तर ८ च्या आत नको. मला हे नोटीस आल्यावर कळलं. तुम्हालाही तेव्हाच कळू द्या, उगाच विक्रीआधी वाचून रात्री खराब करू नका.

खरेदीदाराला टीडीएस कापू द्या. आमच्या खरेदीदाराच्या वकिलाने "रिस्क नको" म्हणून ६२ लाखांवर एक टक्का, म्हणजे ६२ हजार, कापून भरले. ग्रामीण शेतजमिनीला ही कपात लागतच नाही. पण भरली एकदा की ती सव्वीस-एएस या आपल्या नावावरच्या कराच्या उताऱ्यात दिसते आणि साहेब म्हणतात, "जमीन ग्रामीण होती तर कर का कापला?" वकिलाची भीती हा आपल्याविरुद्धचा पुरावा. वाहवा.

ई-पीक पाहणी अजिबात करू नका.

का, ते सांगतोच. २०२१ पासून पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचं असतं. २०२२ च्या खरिपात शेतात सोयाबीन कमरेएवढं होतं, पण बांधावर नेटवर्क नव्हतं. म्हणून गाव नमुना बारात त्या वर्षी रकाना रिकामा. साहेबांनी तेवढाच रकाना वाचला. शेवटी बाजार समितीतल्या अडत्याच्या पट्ट्या, खताची बिलं आणि आधीच्या चार वर्षांच्या पीकनोंदी काढल्या तेव्हा तो मुद्दा संपला. चेहरा नसलेल्या पद्धतीत आपले साहेब कुठल्या राज्यात बसलेत ते आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे सातबाराचं भाषांतर मागितलं गेलं आणि "आर म्हणजे काय" हेही विचारलं गेलं. मी लिहून कळवलं की एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आमची जमीन १ हेक्टर २० आर. पुढच्या पत्रात ती १.२० एकर झाली होती.

आता अंतर. इथे मार्गदर्शन जरा लांबेल, कारण माझं रक्त इथेच आटलं.

अंतर मोजायचं असेल तर एसटी स्टँडपासून मोजा. सगळे तसंच करतात. आमच्या जुन्या सीएंनी सांगितलं, "रस्त्याने मोजतात, दाखला आणा." मी आणला. रस्त्याने ५.८ किलोमीटर, गोल शिक्का, सही, सगळं शोभिवंत. आमच्या शहराची मर्यादा दोनची, म्हणजे जवळपास तिप्पट अंतर! मी त्या दाखल्यावर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आकारणी वर्ष २०१४-१५ पासून अंतर सरळ रेषेत, कावळा उडतो तसं मोजतात, आणि तेही स्टँडपासून नाही, नगरपालिकेच्या हद्दीच्या सगळ्यात जवळच्या टोकापासून. सीए २०१३ मध्येच अडकले होते. रस्ता ओढ्याला वळसा घालून जातो, हद्द ओढ्यापर्यंत येऊन थांबते. सरळ रेषेत अंतर निघालं २.४ किलोमीटर. पाच-आठचे झाले दोन-चार. तरी बाहेर आहोत, फक्त चारशे मीटरने. म्हणजे आमची ग्रामीणता चारशे मीटर रुंद.

हे मी मान्य केलं, चूक माझी होती. पण साहेबांनी मोजलं ते बघा. त्यांनी पडद्यावर नकाशा उघडला, त्यावर आज दिसणारी शहराची रेघ धरली आणि १.१ किलोमीटर लिहिलं. आजची रेघ! जमीन विकली मार्च २०२३ मध्ये. हद्दवाढीची अंतिम अधिसूचना निघाली सप्टेंबर २०२३ मध्ये. मधली तीन गावं तेव्हा नगरपालिकेत आली. बघायची असते ती विक्रीच्या दिवशीची हद्द. प्रारूप प्रसिद्ध झालं, हरकती मागवल्या, गावात बॅनर लागले, याने हद्द सरकत नाही. अंतिम अधिसूचनेने सरकते. मी हे लिहून दिलं, राजपत्राची प्रत जोडली. उत्तर आलं, "आपले म्हणणे विचारात घेतले आहे." आणि पुढच्या परिच्छेदात परत १.१.

एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ सोसलं असतं. लोकसंख्या! आमच्या शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३८ हजारांच्या आसपास. साहेबांनी धरली १ लाख ९० हजार, कारण त्यांनी शहराच्या नावाने शोधलं आणि त्याच नावाच्या तालुक्याचा आकडा उचलला. तालुका आणि तालुक्याचं गाव एकाच नावाचे असतात हे महाराष्ट्रातल्या चौथीच्या पोराला माहीत असतं. एक लाख नव्वद हजार म्हटलं की मर्यादा दोनची सहा होते, आणि मग २.४ असो वा ५.८, आम्ही आतच. एका चुकीच्या ओळीमुळे अख्ख्या तालुक्याचे शेतकरी शहरी झाले, गायीम्हशींसकट. बरं, आकडा कुठला घ्यायचा हे कायद्यात स्पष्ट आहे: विक्रीचं आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या पहिल्या दिवसाआधी आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना. २०२१ ची झालीच नाही, म्हणून २०११. आणि नगरपालिकेचा आकडा, तालुक्याचा नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेत दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत छापलेले असतात. शेजारच्या रकान्यात नजर गेली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

कराचा हिशोब तर सोन्याहून पिवळा. जमीन आजोबांची, म्हणून "खरेदी किंमत उपलब्ध नाही", म्हणून शून्य. वारसाने आलेल्या अशा जुन्या जमिनीला १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, हे पत्रात कुठेच नाही. ६२ लाखांवर वीस टक्के, १२ लाख ४० हजार. वर अधिभार, उपकर आणि व्याज.

ठोकून उत्तर देताना "पर्यायी दावा" चुकूनही करू नका. म्हणजे जमीन शहरी ठरलीच, तर कलम ५४ ब प्रमाणे दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली असल्यास नफ्यातून सूट मागता येते. नोटीस धाकट्या भावालाही होती, आणि त्याने त्याच्या वाट्यातून दीड एकर घेतली होती. ती ओळ, आमचं मुख्य म्हणणं अबाधित ठेवून, त्याच्या उत्तरात पहिल्या दिवशी घालायला हवी होती. कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या उत्तरात घातली तेव्हा साहेब म्हणाले, "म्हणजे जमीन शहरी होती हे आपल्याला मान्य आहे." नाही हो, मान्य नाही! मान्य असतं तर बाकीची चाळीस पानं कशाला लिहिली असती?

शेवटी काय केलं ते सांगतो, आता खोटं मार्गदर्शन बास. नगरपालिकेतून विक्रीच्या तारखेला लागू असलेल्या हद्दीच्या अधिसूचनेची आणि नकाशाची साक्षांकित प्रत घेतली. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढला. सर्व्हेअरने दोन्ही एकावर एक बसवून हद्दीचं जवळचं टोक आणि आमच्या गटाचा जवळचा बांध, या दोन बिंदूंमध्ये रेघ मारली, अक्षांश-रेखांशासह. २.४ पेक्षा किंचित जास्तच निघालं. जिल्ह्याची महानगरपालिकाही तपासली, कारण एकाच शहरापासून मोजून भागत नाही, आसपासची प्रत्येक नगरपालिका आणि छावणी मंडळ बघावं लागतं. ती १९ किलोमीटरवर आहे. जनगणना पुस्तिकेचं ते पान लावलं, नगरपालिकेच्या आकड्याभोवती लाल गोल करून. तहसीलदारांचा दाखला लावला. चार कागद. मग त्याच साहेबांनी दोन परिच्छेदांत प्रकरण बंद केलं.

अहो, मग हे चार कागद पहिल्या नोटिशीतच का मागत नाही? "ग्रामीण असल्याचा पुरावा द्या" असं लिहिता, पुरावा म्हणजे काय ते लिहीत नाही. विक्रीच्या तारखेची हद्द, सरळ रेषेतलं अंतर, जनगणनेचं पान, पिकाच्या नोंदी: एवढ्या चार ओळी टाइप करायला काय जातं तुमचं? आम्ही नुसता सातबारा लावतो कारण आम्हाला तेवढंच माहीत असतं. तुम्हाला जास्त माहीत असण्याचा पगार मिळतो. आणि सीएलोकहो, तुम्हीसुद्धा! फी घेता तेव्हा दहा वर्षांपूर्वी बदललेला नियम एकदा उघडून वाचा. माझ्याकडचा तो ५.८ किलोमीटरचा दाखला अजून फाईलमध्ये आहे, त्यासाठी मी दोनदा तालुक्याला गेलो होतो आणि एकदा तिथले साहेब दौऱ्यावर होते.

प्रकरण बंद झालं जूनमध्ये. ते ६२ हजार अजून पोर्टलवर "प्रक्रियेत" आहेत.